पाटीवर आठ बसायला लागतात: वडगावात खो-खो शिकवताना फी आणि मैदानाचं जमवलं कसं

खो-खो शिकवतो म्हटलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात, महिन्याला किती घेतोस आणि जागा कुठं मिळाली. शिकवतोस काय हे कोण विचारत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्यासोबत काम करणारा एकजण तर सरळच म्हणाला, "काय करूलैस गा एवढी पोरं जमवून, मिळतंय काय त्यातनं?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो, कुणाला आपल्या गल्लीत असं काही सुरू करायचं असेल तर उपयोग होईल.

माझं थोडक्यात सांगतो. शाळेत असल्यापासून खेळत होतो, नंतर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडून इंटर-युनिव्हर्सिटी खेळलो, गुडघा गेला तसा खेळ सुटला आणि फौंड्रीत लागलो. राहायला वडगावात. आमच्याकडं बऱ्याच घरांत माग आहेत, आईबाप दोघंही मागावर, संध्याकाळी पोरं रस्त्यावर. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, ते मोबाईलवर बघून गल्लीतली पोरं माझ्या दारात आली की काका आम्हाला शिकवा. मॅटवर मारलेले सूर बघून ह्यांनी सिमेंटच्या रस्त्यावर सूर मारायला सुरुवात केली होती, दोघांची कोपरं सोलून निघाली होती, त्यामुळं नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

आता मुख्य गोष्ट. क्रिकेटच्या नेटमध्ये चार पोरं आली तरी सराव होतो, एक बॅटिंग करतो, तीन बॉलिंग करतात. बॅडमिंटनला दोन पुरतात. खो-खोला पाटीवर, म्हणजे दोन खांबांच्या मधल्या पट्टीवरच्या चौकोनांत, आठ बसायला लागतात, एक पाठलागाला, आणि तीन पळायला. म्हणजे बारा पोरं असली तरच एक पाटी चालते. बारातलं एक जरी पोर कमी झालं की कुठला तरी एक चौकोन रिकामा, आणि एक चौकोन रिकामा म्हणजे पळणाऱ्याला तिथून फुकटची वाट, मग बसणाऱ्यांची सवय बिघडते आणि पळणाऱ्यांचीही. फी किती ठेवायची, कुणाकडून घ्यायची, नाही दिली तर काय करायचं, हे सगळं शेवटी ह्या बारावरच येऊन थांबलं. ज्याचे पैसे आले नाहीत त्या पोराला घरी पाठवणं मला परवडतच नाही, कारण त्याच्यामुळं बाकी अकरा जणांची संध्याकाळ वाया जाते.

आधी जागेचं सांगतो, कारण जागा ठरल्याशिवाय फीचा आकडा काढताच येत नाही.

नियमाचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. ऐकायला लहान वाटतंय, पण भोवती सगळीकडून तीनेक मीटर मोकळी जागा पाहिजे, कारण पोर जोरात येतं आणि रेषेवर थांबू शकत नाही. म्हणजे 33 बाय 22 धरा. एवढी सपाट, दगड नसलेली आणि रोज संध्याकाळी मोकळी जागा बेळगावात शोधून बघा म्हणजे कळेल. टिळकवाडीचं लेले मैदान आहे, सरदार्स मैदान आहे, पण संध्याकाळी तिथं क्रिकेट आणि फुटबॉलवाल्यांची गर्दी, ती त्यांची वर्षानुवर्षांची जागा. कोपऱ्यात एक पाटी आखता येईल असं वाटतं, पण खरा धोका तिथंच आहे. पाटीवर पोरं एक इकडं तोंड एक तिकडं तोंड अशी बसतात, म्हणजे चार पोरांची पाठ कायम क्रिकेटकडं. बॉल आला तर त्यांना दिसणार नाही, आणि दिसला तरी खो मिळाल्याशिवाय ती उठणार नाहीत, कारण आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. मी एक संध्याकाळ नुसता उभा राहून बघितलं, टेनिस बॉल किती वेळा त्या कोपऱ्यात येतोय, आणि परत आलो.

मग शिवारात बघितलं. आमच्या ओळखीच्यानं सांगितलं, भात कापलं की शेत मोकळंच आहे की, खेळा. पण आमची जमीन काळी. भात निघाल्यावर बरेचजण त्यातच मसूर, वाटाणा घालतात, ज्यांनी घातलं नाही त्यांच्या शेतात ढोपराएवढे खुंट आणि उन्हानं पडलेल्या भेगा, पाय आत गेला की घोटा गेलाच. भेगा बुजवून घेतल्या तरी जूनला परत पेरणी, म्हणजे हातात फेब्रुवारी ते मे एवढंच. शाळांच्या स्पर्धा तर शाळा सुरू झाल्यावर पावसाळ्यात येतात, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हा शेत नाही. देवळाच्या पटांगणाचंही झालं, कमिटीवाले तयार होते, पण खाली शहाबादी फरशी. फरशीवर खो-खो शिकवणं म्हणजे पोरांच्या गुडघ्यांशी वैर. नवीन लेआउटमध्ये बगीच्यासाठी ठेवलेला मोकळा प्लॉट होता, तिथं संध्याकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांनी दोन दिवसांत सांगितलं की धूळ उडते, आणि त्यांचंही बरोबर होतं, उडत होतीच.

राहिली सरकारी मराठी शाळा. पटसंख्या कमी झालेली, पटांगण मोठं, संध्याकाळी साडेचारनंतर गेटला कुलूप. मुख्याध्यापिका बाईंकडं गेलो तर बाई चांगल्या बोलल्या पण म्हणाल्या, "मी एकटी हो म्हणून चालत नाही, एसडीएमसीत ठराव पाहिजे." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कर्नाटकात प्रत्येक सरकारी शाळेला एसडीएमसी असते, पालकांमधलेच सदस्य आणि त्यांच्यातलाच अध्यक्ष. शाळेच्या आवारात काय होणार ह्यावर त्यांचं म्हणणं चालतं. म्हणून बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला थेट जाण्याआधी एसडीएमसी गाठायची, कारण वरच्या ऑफिसात पहिला प्रश्न हाच असतो की समितीचा ठराव आहे का.

बैठकीत मला वाटलं होतं विचारतील पोर पडलं तर काय. ते विचारलंच, पण पहिला प्रश्न वेगळा आला. एक सदस्य, त्यांचं पोर त्याच शाळेत चौथीला, ते म्हणाले, "तुम्ही फी घेणार म्हणजे हा धंदा झाला, सरकारी जागेत धंदा कसा चालेल?" प्रश्न शंभर टक्के बरोबर. ह्याचं उत्तर मी तयार करून नेलं नसतं तर तिथंच संपलं असतं. मी सांगितलं, एक, ह्या शाळेत शिकणाऱ्या पोरांकडून एक रुपया घेणार नाही. दोन, बाहेरच्या पोरांकडून जे घेईन त्याची वही समितीला दर तीन महिन्यांनी दाखवीन. तीन, अकॅडमी वगैरे असला बोर्ड लावणार नाही. चार, मैदान दुरुस्त करीन आणि ते शाळेचंच राहील, दिवसा त्यांची पोरं खेळतील. ह्यावर पाऊण तास चर्चा झाली, मध्येच विषय शाळेच्या गळक्या छपरावर गेला, परत आला, आणि ठराव झाला.

अर्ज दोन प्रती केला, समितीसाठी मराठीत आणि बीईओ ऑफिससाठी कन्नडमध्ये. कन्नड मला बोलता येतंय पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, शेजारच्या एका कन्नड शाळेतल्या मास्तरांनी लिहून दिलं. अर्जात काय काय घालावं हे लिहितो, कारण नुसतं 'मैदान मिळावं' असं लिहिलं तर तो कागद फिरत राहतो. वार आणि वेळ, किल्ली कुणाकडं राहणार, संडास उघडायचा की नाही, झाडलोट कोण करणार, परीक्षा आणि निवडणुकीच्या दिवसांत बंद राहील हे, आणि पालकांची लेखी संमती घेतलेली आहे हे. निवडणुकीचं मुद्दाम घातलं, कारण शाळेत मतदान केंद्र असतं. बाईंना सगळ्यात जास्त बरं वाटलं ते किल्लीच्या ओळीनं. रात्री आवारात कोण तरी येऊन बाटल्या टाकून जातात ही त्यांची जुनी डोकेदुखी, आणि संध्याकाळी सातपर्यंत तिथं माणसं असणार म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

जागा मिळाली, आता टेप घेऊन गेलो. रुंदी 24 मीटर भरली, 16 आणि दोन्ही बाजूला तीन-तीन म्हणजे 22, छान. लांबी मात्र 28 मीटरला थोडीशी वर, एका टोकाला कंपाऊंड, दुसऱ्या टोकाला झेंड्याचा कट्टा. पूर्ण पाटी आखली तर खांबामागं पोराला थांबायला जागाच नाही, सूर मारला की डोकं कट्ट्यावर. मग काय केलं, दोन चौकोन कमी केले. नियमात दोन आडव्या पट्ट्यांमधलं अंतर 2.30 मीटर आणि पट्टी 35 सेंटीमीटरची, म्हणजे एक चौकोन काढला की 2.65 मीटर वाचतात, दोन काढले की 5.30. मैदान 21.70 मीटरचं झालं, दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर सोडून बरोबर बसलं. आणि सहा चौकोनांचा अजून एक फायदा, बारा ऐवजी दहा पोरांत पाटी चालते. यात्रेच्या दिवसांत, लग्नसराईत, दहा जमणं आणि बारा जमणं यात लई फरक आहे.

पण ह्याचा तोटाही आहे आणि तो उशिरा दिसतो. सहा चौकोनांवर पळायची सवय झालेलं पोर आठच्या पाटीवर गेलं की सहाव्या चौकोनाजवळ आपोआप वळायला बघतं, त्याच्या पायाला तिथं खांब अपेक्षित असतो. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळताना तर स्पष्ट कळतं, लय तुटते, एक पाऊल जास्तीचं पडतं आणि तिथंच गडी बाद होतो. म्हणून स्पर्धेच्या आधी तीनेक आठवडे रविवारी सकाळी एका हायस्कूलचं मैदान मागून घेतो, तिथं पूर्ण पाटी आखून पळवतो. रविवार सकाळ एवढंच मागितलं की लोक देतात, रोज मागितलं की देत नाहीत.

खांबांचं प्रकरण मजेशीर आहे. खांब जमिनीवर 120 ते 125 सेंटीमीटर, गोल, गुळगुळीत, लाकडाचा, कुठं खिळा नाही की कड नाही. पण शाळेच्या आवारात कायमचे दोन खांब पुरले तर सकाळची प्रार्थना आणि दुपारची लपाछपी, कोण ना कोण त्याला धडकणार. म्हणून उद्यमबागेतून चार इंची पाइपचे दीड-दीड फुटाचे दोन तुकडे आणले, ते जमिनीत काँक्रीटमध्ये बसवले, खाली खडी टाकली म्हणजे पाणी मुरतं, वरून लोखंडी झाकण जमिनीच्या पातळीला. संध्याकाळी झाकण काढायचं, खांब आत सोडायचा, खेळ झाला की काढून वर्गात ठेवायचा. एकच काळजी, खांब पाइपात जराही हलता कामा नये. पोरं पळताना खांबाला धरून गिरकी घेतात, पूर्ण वजन त्यावर येतं. रोज सुरू करायच्या आधी दोन्ही हातांनी हलवून बघायचा, आतून खट्ट आवाज आला की लाकडाची पाचर ठोकायची. हे काम आता पोरंच करतात, आणि माझ्यापेक्षा जास्त मनापासून हलवतात.

मातीला खर्च जास्त येतो. पटांगणात मुरूम होता, त्यात बोराएवढे खडे. सगळ्या मैदानावर दोन इंच लाल माती टाकायची म्हटलं तर दहा ट्रॉल्या लागतील, ते आपल्या आवाक्यातलं नाही. म्हणून जिथं गुडघे टेकतात तिथंच टाकली, पाटीच्या दोन्ही अंगाला दोन-दोन मीटर आणि खांबांभोवती गोल. आधी खडे वेचून काढले, माती चाळून घेतली, संध्याकाळी पाणी मारलं आणि सकाळी अर्धवट वाळल्यावर रूळ फिरवला. ओली असताना फिरवली तर माती रुळाला चिकटून वर येते, पूर्ण वाळली तर बसत नाही, मुठीत दाबल्यावर गोळा झाला पण हाताला लागली नाही की वेळ बरोबर. रूळ म्हणजे सिमेंटच्या पाइपात काँक्रीट भरून मधून सळी घातलेली. काळी माती फुकट मिळत होती, घेतली नाही, पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तडकते.

आणि रेषा मारायला कळीचा चुना वापरू नका. दिसायला पांढराशुभ्र, स्वस्त, पण घामानं ओल्या झालेल्या अंगाला भाजतो आणि डोळ्यात गेला तर काय होईल विचारू नका. खो-खोत पोराचं तोंड सुरात जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. आम्ही साधी रांगोळीची पावडर आणतो, जरा लवकर पुसते एवढंच.

सुरुवातीचा खर्च मिळून साधारण 10,600 रुपये झाला. दोन ट्रॉली माती 5,000, खांबांची जोडी सुतारानं 3,000 ला केली, पाइप आणि वेल्डिंग 1,400, बाकी टेप, सुतळी, पावडर, प्रथमोपचाराची पेटी. गल्लीतल्या गणपती मंडळानं 5,000 दिले, उरलेले मी घातले. मंडळाकडं मागताना 'पोरांसाठी द्या' असं मोघम मागितलं नाही, दोन ट्रॉली मातीचे पैसे द्या म्हटलं, लगेच निघाले.

आता फी. गल्लीतल्या एका वहिनींना, त्यांची मुलगी माझ्याकडं येते आणि त्या स्वतः मागावर असतात, त्यांना मी विचारलं महिन्याला 300 ठेवू का. त्या म्हणाल्या, "आमच्यात महिन्याला पैसे कुणाच्या हातात येतात हो? आठवड्याला मजुरी, आठवड्यालाच संपते. एक तारखेला 300 मागितलेत तर पोरगी लाजेनं यायची बंद होईल, 50 आठवड्याला म्हणाला तर कसंही देऊ." हे मला सुचलं नसतं, मी पगारदार माणूस. तेव्हा फी ठरली आठवड्याला 50 रुपये, ज्यांना महिन्याला द्यायची त्यांनी 200. घरातलं दुसरं पोर असेल तर त्याला निम्मी. शाळेतली पोरं फुकट, ते तर ठरावातच आहे.

आणि पैसे मी घेत नाही. त्याच वहिनी शनिवारी घेतात आणि फीची वही त्यांच्याकडंच असते, हजेरीची वही माझ्याकडं. ह्या दोन वह्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. कुणाचे आले कुणाचे नाहीत हे मला सरावाच्या वेळी माहीतच नसतं, त्यामुळं संघ निवडताना डोक्यात येत नाही, आणि पोरालाही काकांपुढं मान खाली घालायची वेळ येत नाही. दोन महिने थकले की वहिनी त्या आईशी परस्पर बोलतात, कधी मिळतात, कधी सोडून देतात.

हिशेब असा बसतो. हजेरीत 34 पोरं आहेत. त्यातली 12 शाळेची, फुकट. राहिली 22, त्यातली 16 पूर्ण फीची आणि 6 निम्म्या फीची. कागदावर महिन्याला 3,800 यायला पाहिजेत, प्रत्यक्षात 3,000 च्या आसपास येतात. त्यातले 1,500 एका कॉलेजच्या मुलीला देतो, ती आधी चांगली खेळायची, ती रोज येते. हे पैसे वाचवता येतील असं काहींनी सुचवलं, पण पोरींची संख्या निम्मी आहे आणि मैदानात बाई माणूस असल्याशिवाय मी गेट उघडत नाही, पोरींना लागलं खुपलं, काही सांगायचं असलं तर त्या मला सांगत नाहीत, तिला सांगतात. 500 शाळेला देखभालीसाठी, पावती घेऊन. 300 पावडर, पाणी वगैरे, 200 पट्ट्या आणि स्प्रे. उरलेले 500 साठवतो, पावसाळ्यानंतर माती परत टाकायला आणि स्पर्धेच्या टेम्पोला.

माझ्यासाठी काही उरत नाही हे दिसतंच आहे. मला पगार आहे म्हणून चालतं. पण एखाद्या जुन्या खेळाडूला ह्यावर थोडं तरी घर चालवायचं असेल तर ह्या पद्धतीनं जमणार नाही हे सरळ सांगतो. महिन्याला 10,000 हातात पाहिजेत म्हटलं तर आत्ताच्या खर्चावर अजून 50 पूर्ण फीची पोरं पाहिजेत, तेवढ्यांना दोन पाट्या लागतात, दोन पाट्यांना दुप्पट जागा, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडायला लागतो म्हणून एकामागून एक दोन बॅचही होत नाहीत. त्यानं खाजगी शाळेशी करार करून त्यांच्याकडून मानधन घ्यावं, गल्लीतल्या फीवर भरवसा ठेवू नये.

फीवरून भांडण एकदाच झालं, आणि ते कमी फीवाल्याशी नाही. एका गृहस्थांनी वर्षाचे पैसे एकदम भरले आणि पंधरा दिवसांनी येऊन म्हणाले, "पैसे भरून आमचा पोरगा नुसता बसलेला असतो, त्याला पळवा की." त्यांच्या दृष्टीनं पळणं म्हणजे खेळ आणि बसणं म्हणजे राखीव. मी त्यांना म्हटलं, काका, चप्पल काढा आणि चौथ्या चौकोनात बसा. बसले बिचारे. मागून खो आला, उठायला गेले तर आधी हात टेकला, मग गुडघा, मग उभे, तोपर्यंत पळणारी पोरगी खांब वळून गेली होती. परत बसवलं, पायांची ठेवण दाखवली, एक पाय पुढं, टाच किंचित उचललेली, वजन पंज्यावर, हात दोन्ही रेषेच्या आत. तिसऱ्या वेळी जरा जमलं. पोरं तर हसून हसून लोळत होती. पाटीवरून उठतानाचं पहिलं पाऊलच अर्धा डाव ठरवतं, आणि ते पहिलं पाऊल बसूनच शिकता येतं. ते गृहस्थ आता दर रविवारी रूळ ओढायला येतात.

पोरांचा वेगळा हट्ट असतो. अल्टिमेट खो-खो ही लीग बघून सगळ्यांना वजीर व्हायचं असतं, कुठल्याही दिशेला पळता येतं ना त्याला. पण आपल्या शाळांच्या स्पर्धेत वजीर नाही, तिथं मधली रेषा ओलांडली की फाऊल, त्यामुळं ते खूळ शनिवारच्या शेवटच्या पंधरा मिनिटांपुरतं ठेवलंय.

पावसाळ्याचा प्रश्न काही सुटलेला नाही. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कसा असतो सांगायला नको, लाल माती नुसती घसरगुंडी होते. माती बुटाच्या टाचेनं दाबायची, पाणी वर आलं की त्या दिवशी पळायचं नाही. शाळेच्या व्हरांड्यात उठ-बस, दिशा घेणं, खो देताना हात आणि आवाज एकदम येणं एवढंच घेतो. त्यात जुलैला मंगाईची यात्रा, त्याआधी गावात वार पाळायचे असतात, त्या दिवशी मैदानात कुदळ-फावडं काही लावत नाही, सरावाला सुट्टी. आणि नेमक्या त्याच सुमाराला शाळांचे क्लस्टर, मग तालुका असे सामने सुरू होतात. म्हणजे मे महिन्यात पोरं तयार नसतील तर जूननंतर ती तयार करता येत नाहीत. उन्हाळी सुट्टीत सकाळी साडेसहाला घेतो ते त्यासाठीच, तेव्हा फी तेवढीच ठेवतो पण वेळ दुप्पट.

सीमेपलीकडून, चंदगड गडहिंग्लजकडनं, खुल्या सामन्यांची बोलावणी येतात, तिकडचा खेळ वेगवान आहे, पोरांना बघायला तरी नेतो. टेम्पोचं भाडं आणि जेवण धरून एका दिवसाला चार-पाच हजार जातात म्हणून वर्षाला एकदाच, आणि त्याचे पैसे पालकांकडून वेगळे मागत नाही, साठवलेल्या पैशातून निघाले तर जातो, नाही निघाले तर नाही.

यंदा शाळेची एसडीएमसी बदलली. नवे अध्यक्ष आले, त्यांच्यापुढं परत अर्ज, परत तोच धंद्याचा प्रश्न. वहिनींनी फीची वही आणि शाळेच्या पावत्या समोर ठेवल्या, त्यांनी सगळ्याची झेरॉक्स मागितली, दिली. परवानगी मार्चपर्यंत वाढवून मिळाली आहे, आणि झेंड्याचा कट्टा पाच फूट मागं घ्यायला चालेल का हे पुढच्या बैठकीच्या विषयात घालून घेतलंय.